दर वाढविला म्हणजे उत्पन्न वाढेलच असे नाही

आपल्या मालाचा दर आपणच ठरवावा, ही शेतकऱ्याची फार जुनी इच्छा आहे. सन २०१६ मध्ये महाराष्ट्रात फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून वगळण्यात आला. तेव्हापासून शेतकरी गटांना शहरात थेट विक्री करणे सोपे झाले व ही इच्छा काही प्रमाणात फळास आली. परंतु दर ठरविण्याचा अधिकार हाती येणे ही एक गोष्ट आणि तो अधिकार योग्य रीतीने वापरता येणे ही दुसरी गोष्ट होय. थेट विक्री करणाऱ्या गटांत बहुधा दोन प्रकारचे दर आढळतात. एक शेजारच्या दुकानाकडे पाहून लावलेला आणि दुसरा खर्च वाढला म्हणून वाढविलेला. या दोन्ही रीती अपुऱ्या आहेत. दर वाढवावा की नाही, याचे उत्तर शेजारच्या दुकानात नसते आणि खताच्या पावतीतही नसते. ते गटाच्या स्वतःच्या विक्रीच्या वहीत असते. ती वही कशी वाचावी, हे एका उदाहरणाने पाहणे इष्ट ठरेल.

पेरूच्या गटाचे उदाहरण

एक गट डोळ्यांसमोर आणावा. गावातील काही पेरू उत्पादक मिळून दर रविवारी तालुक्याच्या शहरात एका ठरावीक जागी विक्री करतात. शनिवारी सायंकाळी ३०० किलो फळ तोडले जाते व रविवारी पहाटे गाडी निघते. पेरू पिकला की फार दिवस टिकत नाही. त्यामुळे रविवारी उरलेले फळ पुढील रविवारपर्यंत ठेवता येत नाही. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी गोल घेतले आहेत. पण घडणारी गोष्ट मात्र अनेक गटांच्या परिचयाची आहे.

आरंभी गटाने किलोस ३० रुपये दर लावला. त्या दराने २८० किलो पेरू विकला गेला व ८,४०० रुपये आले. पुढे दर ४० रुपये केला. विक्री २४० किलोवर आली, परंतु उत्पन्न ९,६०० रुपये झाले. माल कमी गेला आणि पैसा अधिक आला, हे पाहून सभासदांचा उत्साह वाढला व त्यांनी एकदम ६० रुपये दर लावला. त्या वेळी १६० किलो विक्री झाली. उत्पन्न पुन्हा ९,६०० रुपयेच आले आणि १४० किलो फळ पाट्यांत उरले.

आता गटात दोन तट पडले. तरुण सभासदांचे म्हणणे असे की, आपला माल उत्तम आहे, तेव्हा दर ७० रुपये करावा. वयस्क सभासदांपैकी एकाने उलट मत मांडले. "अरे बाबांनो, निम्मा माल परत येतोय. पुन्हा तीस रुपये करा. निदान पाट्या तरी रिकाम्या होतील." बैठकीस आलेल्या विस्तार कार्यकर्त्याने दोन्ही बाजू ऐकल्या व विचारले, "अण्णा, चाळीसनंतर एकदम साठ केलेत. मधल्या पन्नासाला काय होते, ते कुणी पाहिले आहे का?" ते कोणी पाहिले नव्हते. पुढील रविवारी ५० रुपये दर लावण्यात आला. विक्री २०० किलो व उत्पन्न १०,००० रुपये झाले. तोपर्यंतच्या सर्व रविवारांत हे उत्पन्न सर्वाधिक होते.

तरुणांच्या आग्रहाप्रमाणे ७० रुपये दर लावला असता तर काय झाले असते, हेही वहीवरून सांगता येते. दरातील प्रत्येक दहा रुपयांच्या वाढीने विक्री ४० किलोने घटते आहे. म्हणजे ७० रुपयांस १२० किलो विक्री व ८,४०० रुपये उत्पन्न. तीस रुपयांस जेवढे मिळत होते तेवढेच. दोन्ही तट परस्परविरोधी सल्ला देत होते, पण दोघांचाही सल्ला गटास एकाच तोट्यात नेणारा होता.

लवचिकता म्हणजे काय

दर बदलला असता मागणी किती ताणली किंवा आकसली जाते, या प्रमाणास अर्थशास्त्रात मागणीची लवचिकता म्हणतात. विक्रीतील शेकडा बदलास दरातील शेकडा बदलाने भागले की ती मिळते. दर शेकडा १० वाढला व विक्री शेकडा ६ घटली, तर लवचिकता ०.६ होय. दर शेकडा १० वाढून विक्री शेकडा १५ घटली, तर ती १.५ होय. विक्रीतील बदल उलट दिशेचा असतो हे गृहीतच धरलेले असल्याने उणे चिन्ह येथे सोडून दिले आहे.

नियम सोपा आहे. लवचिकता एकाहून कमी असेल, तर दर वाढविल्याने उत्पन्न वाढते. ती एकाहून अधिक असेल, तर दर वाढविल्याने उत्पन्न घटते व दर उतरविल्याने वाढते. ती बरोबर एक असेल, तर उत्पन्न आपल्या शिखरावर असते.

मात्र शेकडा बदल काढताना एक चूक नेहमी होते. वरील गटाने ४० वरून ६० रुपयांवर उडी घेतली, तो हिशेब पाहावा. जुन्या आकड्यांवर शेकडेवारी काढली, तर दर शेकडा ५० वाढला व विक्री शेकडा ३३ घटली. लवचिकता सुमारे ०.६७ दिसते. यावरून उत्पन्न वाढावयास हवे होते; प्रत्यक्षात ते एका रुपयानेही वाढले नाही. दोष नियमाचा नसून शेकडेवारीचा आहे. मोठ्या बदलात जुन्या व नव्या आकड्यांची सरासरी काढून तिच्यावर शेकडेवारी मोजावी. दराची सरासरी ५०, बदल २०, म्हणजे शेकडा ४०. विक्रीची सरासरी २००, बदल ८०, म्हणजे शेकडा ४०. लवचिकता बरोबर एक येते आणि उत्पन्न जेथल्या तेथे का राहिले, याचा उलगडा होतो.

याच रीतीने मधल्या पायऱ्या मोजल्या, तर ४० ते ५० रुपयांच्या दरम्यान लवचिकता सुमारे ०.८२ येते व ५० ते ६० च्या दरम्यान सुमारे १.२२. पहिल्या पायरीवर उत्पन्न वाढले आणि दुसऱ्या पायरीवर घटले, ते यामुळेच. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पेरू तोच, गिऱ्हाईक तेच, तरी लवचिकता प्रत्येक दराला निराळी आहे. "पेरूची लवचिकता किती?" हा प्रश्नच अपुरा आहे, "कोणत्या दराला?" हे त्यासोबत विचारलेच पाहिजे.

एका रुपयाचा हिशेब

लवचिकता एक असेल तेथेच शिखर का असावे, हे समजण्यासाठी दर केवळ एका रुपयाने वाढविला तर काय होते ते पाहू. एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. जो माल तरीही विकला जातो, त्याच्या प्रत्येक किलोमागे एक रुपया जादा मिळतो. जो माल या वाढीमुळे विकला जात नाही, त्याची सर्व किंमत बुडते. पहिली बाब लाभाची, दुसरी हानीची. दर वाढवावा की नाही, हा या दोहोंच्या वजाबाकीचा प्रश्न आहे.

गटाच्या वहीवरून एका रुपयास ४ किलो विक्री घटते. दर ४० रुपये असताना विक्री २४० किलो आहे. तेव्हा लाभ अदमासे २४० रुपये व हानी ४ किलो गुणिले ४० म्हणजे १६० रुपये. निव्वळ वाढ ८० रुपये. दर ५० असताना लाभ २०० व हानीही ४ गुणिले ५० म्हणजे २०० रुपये, निव्वळ शून्य. दर ६० असताना लाभ १६० व हानी २४० रुपये. निव्वळ घट ८० रुपये.

चिकित्सक वाचक येथे हरकत घेईल. दर खरोखर ४१ रुपये केला, तर २३६ किलो विकले जाऊन ९,६७६ रुपये येतात; म्हणजे वाढ ८० नव्हे, ७६ रुपये झाली. हरकत रास्त आहे. आता वाढ आणखी लहान करावी. दर ४०.५० केला, तर २३८ किलोचे ९,६३९ रुपये येतात. अर्ध्या रुपयास ३९, म्हणजे रुपयास ७८ या मानाने. दर केवळ दहा पैशांनी वाढविला, तर हेच मान ७९.६० पडते. वाढ जसजशी लहान करावी तसतसे हे मान ८० च्या जवळ जाते. अशा अगदी लहान बदलाच्या वेळी उत्पन्न ज्या मानाने बदलते, त्या मानास गणितात उत्पन्नाचे विकलन म्हणतात. नाव जड वाटले, तरी त्याचा अर्थ चढणीवर चालणाऱ्या माणसास समजेल असा आहे. पुढचे पाऊल चढाचे असेल तर विकलन अधिक, उताराचे असेल तर उणे आणि माथ्यावर ते शून्य.

लवचिकतेचा व याचा संबंध एका ओळीत मांडता येतो:

उत्पन्नाचे विकलन = विक्री × (१ − लवचिकता)

चाळीस रुपयांस नेमक्या त्या ठिकाणची लवचिकता १६० भागिले २४०, म्हणजे दोन तृतीयांश आहे. एकातून ती वजा करून एक तृतीयांश उरतो. २४० चा एक तृतीयांश ८०. वरचाच आकडा पुन्हा मिळाला. लवचिकता एक झाली की कंसात शून्य उरते व शिखर येते. नियम पाठ करण्याऐवजी तो असा उमगला, तर तो विसरला जात नाही.

ही कल्पना काही आजची नव्हे. कूर्नो या फ्रेंच गणितज्ञाने सन १८३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात औषधी पाण्याच्या झऱ्याच्या मालकाचे उदाहरण घेतले होते. असा झरा दुसऱ्या कोणाकडेच नाही, तेव्हा मालकाने भरमसाट दर लावण्यास हरकत कोणती? हरकत गिऱ्हाइकांची. दर फार चढविला तर पाणी नेणारे विरळ होतात. म्हणून त्यास दर उतरवीत उतरवीत, जेथे प्राप्ती सर्वाधिक होते तेथे थांबावे लागते. ज्याला प्रतिस्पर्धी नाही, त्यालाही दराची मर्यादा सुटत नाही. मग पेरूच्या गटास ती कशी सुटावी?

झालेला खर्च आणि उरलेला माल

"यंदा खर्च वाढला, म्हणून दर वाढविला पाहिजे" हे वाक्य प्रत्येक बैठकीत ऐकू येते. भावना समजण्यासारखी आहे, परंतु तर्क बरोबर नाही. रविवारी सकाळी पेरू तोडलेला आहे, गाडीभाडे दिलेले आहे, खत व फवारणीचे पैसे केव्हाच खर्च झाले आहेत. दर ५० लावला काय आणि ७० लावला काय, तो खर्च परत येत नाही किंवा वाढतही नाही. त्या दिवशी अधिकाधिक पैसा कोणत्या दराने येईल, एवढाच प्रश्न उरतो. पेरूची लागवड पुढे ठेवावी की मोडावी, हे ठरविताना खर्चाचा विचार अवश्य करावा. रविवारच्या पाटीवर दर लिहिताना त्याचा उपयोग नाही.

उरलेल्या मालाचा विचार मात्र त्याच दिवशी केला पाहिजे. आतापर्यंतच्या हिशेबात उरलेला पेरू फुकट गेला असे धरले होते. समजा, लगदा करणारा एक व्यापारी उरलेला माल सरसकट किलोस १० रुपये निव्वळ देऊन घेतो. आता न विकलेल्या प्रत्येक किलोची सर्व किंमत बुडत नाही; तीतून १० रुपये वाचतात. हानी कमी झाल्याने शिखर थोडे वर सरकते. पन्नास रुपये दराने २०० किलोचे १०,००० व उरलेल्या १०० किलोचे १,००० मिळून ११,००० रुपये होतात. दर ५५ केला तर १८० किलोचे ९,९०० व उरलेल्या १२० किलोचे १,२०० मिळून ११,१०० रुपये. दर ६० केला तर पुन्हा ११,००० रुपये. म्हणून व्यापारी असेल तर ५५ आणि नसेल तर ५० हा दर योग्य. लाभ शंभरच रुपयांचा आहे, हे खरे. पण बाहेरची वाट असल्याशिवाय चढा दर धरू नये, हा त्यातील धडा शंभर रुपयांहून मोठा आहे.

ज्या ठिकाणी प्रत्येक जादा नगास नवा खर्च येतो, तेथेही हीच रीत लागू पडते. भाड्याने दिल्या जाणाऱ्या मळणीयंत्रास प्रत्येक तासाला डिझेल लागते. तेथे दरातून तासाचा डिझेलखर्च वजा करून उरलेल्या रकमेवर वरील हिशेब करावा. केवळ उत्पन्नाचे शिखर गाठण्याच्या नादात यंत्र अधिक तास पळविले, तर पैसा अधिक दिसेल व नफा कमी उरेल.

वही कोठे फसविते

एवढा हिशेब समजला म्हणजे काम झाले असे नाही. वहीतील आकडे खरी मागणी दाखवितात काय, हे आधी पारखून घ्यावे लागते.

पहिला धोका माल संपण्याचा. समजा, एखाद्या रविवारी गटाने १५० किलोच पेरू नेला व तो सकाळी दहापर्यंत संपला. वहीत विक्री १५० किलो लिहिली जाईल, परंतु मागणी १५० किलो नव्हती. ती किती होती हे त्या दिवशी कळलेच नाही. पुढील रविवारी दर वाढवूनही १५० किलो संपला, तर "दर वाढला तरी विक्री घटली नाही" असा खोटा निष्कर्ष निघतो. म्हणून वहीत विक्रीसोबत माल संपल्याची वेळही लिहावी. वेळेपूर्वी संपलेल्या दिवसाचा आकडा लवचिकता काढण्यास वापरू नये.

दुसरा धोका दिवसादिवसातील फरकाचा. सणाचा रविवार, पावसाचा रविवार, महिन्याच्या आरंभीचा व अखेरचा रविवार यांत दर न बदलताही विक्री बदलते. दर वाढविला त्याच दिवशी उपवासाची तिथी आली व पेरू अधिक खपला, तर श्रेय दराला देणे चूक होय. यावर उपाय असा की, एक रविवार जुना दर, एक रविवार नवा दर, असा आळीपाळीने निदान सहा-आठ आठवडे प्रयोग करावा व फळाची प्रतवारी तीच ठेवावी. दरातील बदल शेकडा १० च्या आसपास असावा. फार लहान बदलाचा परिणाम चढउतारात बुडून जातो आणि फार मोठ्या बदलात मधले शिखर ओलांडले जाते, जसे येथे ५० रुपयांचे ओलांडले गेले.

तिसरा धोका घाईचा. दर वाढलेल्या पहिल्या रविवारी नेहमीचे गिऱ्हाईक कुरकुर करीत का होईना, घेऊन जाते. त्यास दुसरी जागा शोधावयास दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून वाढीच्या पहिल्या दिवशी मागणी ताठर दिसते आणि महिन्याभराने तीच लवचिक झालेली आढळते. आळीपाळीच्या प्रयोगात हे दिसून येत नाही. तेव्हा दर नक्की केल्यानंतरही पुढचे चार रविवार विक्री उतरते काय, यावर नजर ठेवावी.

जेथे ही रीत चालत नाही

अखेरीस एक मर्यादा स्पष्ट सांगणे जरूर आहे, कारण तिच्या विसरामुळे चुकीचा सल्ला दिला जातो. कांद्याची मागणी ताठर आहे, असे म्हटले जाते व ते खरेही आहे; दर चढला तरी घरोघरी कांदा लागतोच. यावरून "मग शेतकऱ्याने दर वाढवून धरला तर त्याचे उत्पन्न वाढेल" असा निष्कर्ष काढणे सर्वस्वी चूक होय. ताठर आहे ती सर्वांच्या कांद्याची एकत्रित मागणी. लिलावात उभ्या असलेल्या एकट्या शेतकऱ्याच्या कांद्याची मागणी जवळजवळ अमर्याद लवचिक असते. त्याने चालू भावाहून थोडा अधिक भाव मागितला, तर व्यापारी शेजारच्या गाडीकडे वळतो व त्याची विक्री शून्य होते. तेथे लवचिकतेच्या हिशेबाने दर ठरविता येत नाही. किती माल केव्हा आणावा, एवढेच त्याच्या हाती असते.

तेव्हा विस्तार कार्यकर्त्याने प्रथम हे पाहावे की, दर खरोखर गटाच्या हाती आहे काय. तसे नसेल तर वरील गणित बाजूस ठेवावे. दर हाती असेल, तर दर, विक्री, उरलेला माल व माल संपल्याची वेळ असे चार रकाने वहीत आखून द्यावेत. पुढील बैठकीत सत्तर रुपये की तीस रुपये असा वाद निघाला, म्हणजे ती वही मध्ये ठेवावी व एकच प्रश्न विचारावा: आणखी एक रुपया वाढविला, तर उरलेल्या गिऱ्हाइकांकडून किती मिळेल आणि निघून जाणाऱ्या गिऱ्हाइकांमुळे किती जाईल? पेरूच्या गटात या प्रश्नाचे उत्तर पन्नास रुपयांस मिळाले. दुसऱ्या गावात, दुसऱ्या फळास ते निराळे मिळेल. प्रश्न मात्र हाच राहील.